काळ्या साडीची हळदी साडी: आठ महिन्यांनंतर GIMP 3.0

सांगलीत आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. दर महिन्याला पैसे भरायचं सॉफ्टवेअर परवडेना, म्हणून फुकटातलं GIMP 3.0 घेतलं. आठ महिने अल्बमची कामं बिनबोभाट झाली. मग एक ताई आल्या. संक्रांतीला आमच्याकडेच काढलेला फोटो, काळी साडी, हलव्याचे दागिने. "डोहाळजेवणाच्या फ्लेक्सवर हाच लावायचाय, पण सासूबाईंना काळी नको. हळदीसारखी पिवळी करून द्या."

मी सवयीने `Hue-Saturation` उघडलं. साडी जराही हलली नाही. काळ्यात रंगच नसतो, तर फिरवणार काय? मग `Colorize` लावून `Lightness` वाढवलं, तर निऱ्यांवर राख फासल्यासारखी झाली. त्या पट्टीवर माझा अजून राग आहे. ती सगळंच सारखं उजळते, त्यामुळे काळोख धुरकट होतो आणि निऱ्यांचा उठाव जातो.

खरं काम `Curves` मध्ये आहे. साडीवर मास्क केला, जरतार आणि दागिने बाहेर ठेवले. जेपीजीत ० ते २५५ च्या मापात साडीच्या उजेडाचे आकडे १४ ते ३८ एवढ्यातच होते. ते ९० ते २४० पर्यंत ताणले, वर पिवळा थर `Multiply` मध्ये टाकला. लांबून छान दिसलं, मोठं करून पाहिलं तर पदरावर पट्टेच पट्टे. साहजिक आहे, चोवीस पायऱ्या दीडशेवर पसरल्या की प्रत्येक पायरी सहाची होते. तेव्हा वाटलं, सॉफ्टवेअरच कमी पडतंय.

ते माझं चुकलं. मूळ रॉ फाइल हार्डडिस्कवर होती. ती दोन स्टॉप उजळून १६ बिट टिफ केली, नव्या आकड्यांप्रमाणे कर्व्ह पुन्हा बसवून ९० ते २४० पर्यंत ताणलं आणि पट्टे गेले. दाणे मात्र उठले, ते फक्त साडीच्या थरावर हलके पुसले.

तरी सावल्या शेवाळी दिसत होत्या. पिवळा नुसता गडद केला की तो हिरवटच दिसतो, खऱ्या हळदी कापडाची घडी तपकिरी-नारिंगीकडे झुकते. म्हणून `Multiply` काढून `Gradient Map` लावला: काळोखात विटकरी-तपकिरी, मध्ये हळद, उजेडात फिका पिवळा. तिथे साडी कापडासारखी दिसायला लागली.

कमरेजवळ दोन निऱ्यांत आकडा थेट शून्य होता. तिथे उजळायला काहीच नाही. शेजारची निरी क्लोन करून बसवली.

मरून किंवा बॉटल ग्रीन मागितला असता तर अर्ध्या तासात झालं असतं, कारण ते रंग मुळातच गडद. पिवळ्याला तीन तास लागले. आता काळ्या कपड्यातलं गिऱ्हाईक आलं की रॉ जपून ठेवतो. नुसता व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो घेऊन कोणी पिवळा मागितला, तर आधीच नाही म्हणतो.