मशीन माझं, गहाण टाकलं भाडेकरूनं

माझं एक सीएनसी लेथ मशीन २४ महिन्यांच्या करारानं भाड्यानं दिलं होतं. भाडं वेळच्या वेळी यायचं, म्हणून मी तिकडे फिरकत नसे. ही माझी पहिली चूक. दहाव्या महिन्यात सर्व्हिसवाल्या मेकॅनिकचा फोन आला, "साहेब, तुमचं मशीन दुसऱ्याच शेडमध्ये कसं?"

जाऊन पाहिलं तर नेमप्लेट काढलेली. पण कंट्रोल कॅबिनेटच्या आतल्या स्टिकरवरचा नंबर तसाच होता आणि तो माझ्या खरेदी बिलावर होता. शेड एका कर्ज देणाऱ्याचं होतं. भाडेकरूनं मशीन स्वतःचं असल्याचं लिहून देऊन त्याच्याकडे गहाण टाकलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "मी पैसे मोजलेत. माझे पैसे द्या आणि मशीन घेऊन जा."

त्याच रात्री क्रेन आणि ट्रेलर आणून मशीन उचलायचं माझ्या मनात होतं. वकिलांनी अडवलं, कारण मालक असलो तरी दुसऱ्याच्या ताब्यातून जबरदस्तीनं उचललं तर उलटा गुन्हा माझ्यावरच येऊ शकला असता.

मग त्यांनी कायदा समजावला. माल विक्री अधिनियम १९३० चं कलम २७ सांगतं की, विकणाऱ्याकडे मालकी नसेल तर साधारणपणे घेणाऱ्यालाही मालकी मिळत नाही, मग त्यानं पूर्ण किंमत का मोजलेली असेना. अपवाद आहेत. मालकाच्या वागण्यावरूनच भाडेकरूला विकायचा अधिकार आहे असं दिसलं, तर मालक नंतर हात वर करू शकत नाही. म्हणून मशीनचं मूळ बिल भाडेकरूकडे कधीही ठेवू नये, आणि बिल त्याच्या नावावर तर नकोच.

गहाणाचं जरा वेगळं आहे, आणि मी नेमका तिथंच अडकत होतो. भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम १७९ म्हणतं की, ज्याचा मालावर मर्यादित हक्क आहे त्यानं तो गहाण टाकला, तर गहाण त्या हक्कापुरतंच टिकतं. भाडेकरूचा हक्क म्हणजे उरलेल्या १४ महिन्यांचा वापर. म्हणजे माझा करार जिवंत असेपर्यंत कर्जदात्याला "निदान तेवढे महिने तरी मशीन आमच्याकडे राहू द्या" असं म्हणायला जागा मिळते.

ती जागा बंद करायची वाट कलम १५३ मध्ये आहे. ताब्यात दिलेल्या वस्तूचा वापर अटींविरुद्ध केला, तर देणारा करार संपवू शकतो. 'संपवू शकतो' हे नीट वाचा. करार आपोआप संपत नाही, तुम्ही तसं लेखी कळवावं लागतं.

इथंच भाडेकरूनं डाव टाकला. मला कळल्याचं त्याला समजताच त्यानं त्या महिन्याचं भाडं दोन दिवस आधीच खात्यात भरलं. मला वाटलं, घाबरला. वकील म्हणाले, "ही रक्कम ठेवलीत तर गहाण माहीत असूनही तुम्ही करार चालू ठेवलात असं ते म्हणतील." दुसऱ्याच दिवशी पैसे परत पाठवले आणि सोबत पत्र दिलं.

त्याच दिवशी दोन नोटिसा गेल्या. भाडेकरूला, करार संपवला असून मशीन परत कर, अशी. कर्जदात्याला, मालक मी आहे, हा नंबर, हे बिल, मशीन विकू नका, हलवू नका, परत द्या, अशी. दुसरी नोटीस लवकर जाणं महत्त्वाचं, कारण कर्ज थकलं की गहाण घेणारा वाजवी सूचना देऊन तारण विकू शकतो. मशीन तिसऱ्याच्या, मग चौथ्याच्या हाती गेलं की शोधत बसावं लागतं.

दोघांकडूनही नकार आला. मग दिवाणी दावा केला. त्यात मशीन परत मिळावं ही मागणी, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत ते विकू-हलवू नये असा तात्पुरता मनाई हुकूम मागितला. पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताची तक्रार केली. सुरुवातीला "हा तुमचा दिवाणी वाद आहे" म्हणून टाळाटाळ झाली. पण काढलेली नेमप्लेट आणि मशीन स्वतःचं असल्याचा भाडेकरूचा लेखी खोटेपणा यांचं महत्त्व इथं कळलं. भाडं थकणं हा वाद असतो, दुसऱ्याचं मशीन स्वतःचं म्हणून गहाण टाकणं हा नसतो.

पोलिसांनी मशीन जप्त केलं. मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज केला आणि न्यायाधीशांनी हमीपत्र घेऊन ते माझ्या ताब्यात दिलं. कर्जदात्याचे पैसे त्यानं भाडेकरूकडूनच वसूल करायचे, माझ्याकडून नाही.

मशीन आता माझ्याकडे आहे, पण परवानगीशिवाय विकता येत नाही, बदल करता येत नाही, आणि न्यायालयानं बोलावलं की हजर करावं लागतं. गेलेल्या महिन्यांच्या भरपाईचा दावा अजून चालू आहे.