उच्चार शिकायला कोणता कोश उघडावा: देवनागरी, अमेरिकी खुणा की आयपीए?

'डिटरमाइन' हा इंग्रजी शब्द मी कित्येक वर्षं शेवटी 'माइन' लावून म्हणत होतो. घरात चांगला जाडजूड शब्दकोश होता. त्यात शब्दाच्या शेजारीच /dɪˈtɜːmɪn/ असं छापलेलं होतं, पण दोन तिरप्या रेघांमधली ती चिन्हं वगळून माझी नजर थेट अर्थावर जायची. ती ओळ वाचता आली असती, तर शब्दाच्या शेवटी 'मिन' आहे हे कुणालाही न विचारता कळलं असतं.

ज्यांना असं एकट्यानं शिकायचं आहे त्यांच्यासमोर साधारण तीन वाटा असतात. एक, इंग्रजी-मराठी कोशातला देवनागरीत लिहिलेला उच्चार. दोन, मेरियम-वेबस्टरसारख्या अमेरिकी कोशांची स्वतःची खुणांची पद्धत. तीन, आयपीए म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, जी ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमनच्या विद्यार्थी-कोशांत असते. तेच शब्द तिन्हींत कसे दिसतात ते आधी पाहू.

| शब्द | देवनागरी | मेरियम-वेबस्टर | आयपीए (ब्रिटिश) |
|---|---|---|---|
| बट | बट | ˈbət | /bʌt/ |
| बर्ड | बर्ड | ˈbərd | /bɜːd/ |
| अबाउट | अबाउट | ə-ˈbau̇t | /əˈbaʊt/ |
| झू | झू | ˈzü | /zuː/ |
| मेझर | मेझर | ˈme-zhər | /ˈmeʒə(r)/ |
| जॅझ | जॅझ | ˈjaz | /dʒæz/ |
| येस | येस | ˈyes | /jes/ |

देवनागरीचा मोठा फायदा म्हणजे शिकायचं काहीच नसतं. शिवाय 'ॲ' आणि 'ऑ' ही चिन्हं मराठीनं इंग्रजी शब्दांसाठीच रुळवली आहेत, त्यामुळे बॅट आणि बॉल यांत आपली गफलत होत नाही. पण वरच्या तक्त्यात 'झ' पाहा. 'झू' आणि 'मेझर' या दोन्हींत तो आहे, आणि दोन्हीकडे ध्वनी वेगळा आहे. पहिला /z/, दुसरा /ʒ/, म्हणजे 'श' म्हणताना गळ्यातून आवाज काढला की जो होतो तो. आपल्या 'झाड'मधला 'झ' या दोघांपैकी एकही नाही. 'ज'चंही तसंच. 'जन्म'मधला आणि 'जागा'मधला 'ज' आपण लहानपणापासून वेगळे म्हणतो, पण लिहितो एकच. त्यामुळे कोशात 'जार' असं दिसलं की तो 'जागा'सारखा वाचायचा मोह मराठी माणसाला होतोच.

सगळ्यात मोठा घोळ मात्र 'व्ह'चा. 'व्हॅन' लिहिताना आपण 'व्ह' वापरतो, कारण तिथे वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे आहेत. 'व्हाइट' लिहितानाही 'व्ह'च वापरतो, आणि तिथे दातांचा काही संबंध नाही, ओठ गोल करायचे आहेत. आयपीए यांना सरळ /væn/ आणि /waɪt/ असं लिहून मोकळी होते. देवनागरीवाला कोश कितीही काळजीनं केलेला असला, तरी वाचणारा स्वतःच्या मराठी 'व'कडेच ओढला जातो. चूक लिपीची नाही. मराठीला जे भेद लागत नाहीत, त्यांची सोय तिनं केलेली नाही, इतकंच. आणि शब्दात जोर कुठे द्यायचा, हे तर देवनागरी उच्चारात बहुतेक वेळा दाखवलेलंच नसतं. माझ्या मते हा अभाव 'झ' आणि 'व्ह'पेक्षाही महागात पडतो.

'फोटोग्राफर' हा शब्द घ्या. आपण तो चारही ठिकाणी भरदार स्वर देऊन, पहिल्या 'फो'वर बसकण मारून म्हणतो, कारण 'फोटोग्राफ'चा उच्चार डोक्यात पक्का असतो. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशात 'फोटोग्राफ' /ˈfəʊtəɡrɑːf/ आहे आणि 'फोटोग्राफर' /fəˈtɒɡrəfə(r)/. वाचायला सुरुवात उभ्या छोट्या रेघेपासून करायची. ही रेघ आघाताची. शब्दाच्या ज्या तुकड्याच्या, म्हणजे अवयवाच्या, आधी ती असेल, त्यावर जोर. पहिल्या शब्दात ती 'फो'च्या आधी आहे, दुसऱ्यात सरकून /tɒ/च्या आधी आली आहे, म्हणजे जोर 'टॉ'वर. मग उलटे ə मोजायचे. दुसऱ्या शब्दात ते तीन आहेत. म्हणजे चार अवयवांच्या या शब्दात पूर्ण स्वर एकच, बाकी तिघे नुसते 'अ'. शेवटच्या कंसातल्या (r)चा अर्थ असा, की ब्रिटिश उच्चारात पुढचा शब्द स्वरानं सुरू होत असेल तरच 'र' ऐकू येतो, एरवी नाही. आता वहीत आपल्यापुरतं लिहून ठेवायचं: फ-टॉ-ग्र-फ. आपण म्हणतो त्या 'फोटोग्राफर'पासून हे किती लांब आहे!

गंमत म्हणजे हा ə आपल्याला नवा नाही. 'घर'मधला 'अ' त्याच्या अगदी जवळ बसतो. जिभेला तो येतो, डोळ्याला पटत नाही, कारण स्पेलिंगमध्ये तिथे 'ओ' किंवा 'ए' हे अक्षर दिसत असतं. म्हणून ध्वनिचिन्हं शिकायला घेतली की आधी आघाताची रेघ आणि ə या दोनच गोष्टी धरा, बाकीचं नंतर.

अमेरिकी पद्धत सोपी वाटते, कारण ती इंग्रजी अक्षरांवरच टिकली, रेघ असं काही लावून काम भागवते. 'डे'मधला स्वर ā, 'सी'मधला ē. 'मेझर'च्या मधल्या ध्वनीला zh. 'फोटोग्राफर' तिथे fə-ˈtä-grə-fər असा आहे. आघाताची रेघ इथेही अवयवाच्या आधीच आणि शेवटचा 'र' बिनकंसाचा, कारण अमेरिकेत तो बोलला जातो. तक्त्यात आणखी एक गोष्ट लपली आहे. 'बट', 'बर्ड', 'अबाउट' या तिन्हींत मेरियम-वेबस्टरनं एकच ə वापरलाय, जसा देवनागरीनं एकच 'अ'. अमेरिकी उच्चारापुरतं ते चालून जातं, कारण आघाताची रेघ आणि पुढचा r बघून फरक कळतो. पण ब्रिटिश 'बर्ड' शिकायचा असेल, तर त्यातला 'र' गळून मागे लांब राहिलेला स्वर ही पद्धत दाखवणार नाही.

तिची खरी अडचण मात्र ही, की ती एका घराण्याची आहे. दुसरा अमेरिकी कोश उघडला की खुणा बदलतात. अमेरिकन हेरिटेजमध्ये आघाताची खूण अवयवाच्या आधी नसून नंतर येते. मेरियम-वेबस्टरची सवय घेऊन तो कोश वाचला, तर प्रत्येक लांब शब्दात जोर एक घर पुढे जाईल आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आयपीएची धास्ती तिच्या अनोळखी आकारांमुळे बसते, म्हणून ती नेमकी किती मोठी आहे ते मोजू. ब्रिटिश इंग्रजीसाठी कोशांत साधारण 44 ध्वनी धरतात, 24 व्यंजनं आणि 20 स्वर. व्यंजनांतली 16 चिन्हं इंग्रजी अक्षरंच आहेत आणि त्यांचा ध्वनीही अपेक्षित तोच. उरली आठ. त्यातली सात पाहताक्षणी नवी वाटतात: ʃ म्हणजे 'श', tʃ 'चहा'मधला 'च', dʒ 'जन्म'मधला 'ज', ŋ 'रंग'मधला अनुनासिक, ʒ वर आलाच, आणि θ व ð हे जीभ दातांशी आणून हवा सोडत म्हणायचे दोन ध्वनी, ज्यांना आपण 'थ' आणि 'द' म्हणून निभावून नेतो. आठवं चिन्ह /j/, आणि फसवतं तेच, कारण ते ओळखीचं दिसतं. आयपीएत /j/ म्हणजे 'य'. तक्त्यात 'जॅझ' आणि 'येस' मुद्दाम शेजारी ठेवले ते यासाठी. मेरियम-वेबस्टरचा j हा 'ज' आहे आणि आयपीएचा 'य'. दोन्ही पद्धती एकदम शिकणाऱ्यांचा पाय इथे हमखास घसरतो. स्वर वीस असले तरी त्यातले आठ जोडस्वर आधीच्याच चिन्हांचे बनलेले असतात, त्यामुळे खरी पाठ करायची यादी बाराची. रोज चार-पाच शब्द कोशात काढून वाचले, तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो.

तरी आयपीए सगळं सांगते असं नाही. कोशातलं लेखन ठोकळ असतं. /t/ दिसला की आपण 'ट' म्हणतो, जीभ टाळूकडे वळवून. इंग्रजीत ती दातांच्या मागच्या उंचवट्याला लागते, आणि हे /t/ या चिन्हात लिहिलेलं नाही. 'पिन'मधल्या /p/ला हवेचा झोत असतो, 'स्पिन'मधल्या /p/ला नसतो, कोशात दोन्ही सारखेच. एवढ्यासाठी आवाजाचं बटण लागतं.

मग चिन्हं सोडून नुसतं बटण का दाबू नये? कारण कानही मराठीच असतो. /v/ आणि /w/ ऐकवले तर दोन्ही 'व'च ऐकू येतात, निदान सुरुवातीला. आधी चिन्ह वाचून काय ऐकायचं ते ठरवायचं, मोठ्यानं म्हणायचं आणि मग बटण दाबून ताडून पाहायचं. उलट क्रमानं केलं की आपण आपलाच जुना उच्चार ऐकतो.

तेव्हा शाळकरी मुलाला किंवा नुकतंच इंग्रजी सुरू केलेल्या आजीला देवनागरीवाला कोश द्यावा, त्यांचं काम भागेल. जो पुढची काही वर्षं अमेरिकेतच काढणार आहे आणि एकच कोश वापरणार आहे, त्याला मेरियम-वेबस्टर पुरेल. बाकी सगळ्यांना मी आयपीए सांगेन, आणि त्यातही ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश. तो संकेतस्थळावर फुकट पाहता येतो आणि ब्रिटिश-अमेरिकी दोन्ही उच्चार शेजारी देतो.

ऑक्सफर्डचा कोश म्हणताना एक बघा. विद्यार्थी-कोश आणि मोठा ऐतिहासिक कोश यांची चिन्हं सारखी नाहीत. कुठलाही नवा कोश हाती आला की आधी 'कॅट' काढायचा. /kæt/ दिसलं तर नेहमीची विद्यार्थी-आयपीए. /kat/ दिसलं तर बहुधा तो मोठा ऑक्सफर्ड, तिथे साधा a म्हणजेच 'ॲ'. तिरप्या रेघा नाहीत आणि नुसतं ˈkat असेल, तर समोर मेरियम-वेबस्टर आहे आणि त्यातला j 'ज'च वाचायचा.