दोन तासांत हाफ मॅरेथॉन: ट्रेडमिलवर १०.५ लावायचं, १०.६ की ११.१?

ट्रेडमिलवर वेग दिसतो ताशी किलोमीटरमध्ये. शर्यतीत मात्र सगळं बोलणं पेसचं, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात याचं. दोन तासांच्या आत हाफ संपवायची तर जिममध्ये कोणता आकडा धरून सराव करायचा, असं विचारलं की बहुतेक वेळा झटकन उत्तर येतं, "१०.५ लाव, दोन तासांत एकवीस होतात."

एकवीस होतात, पण हाफ मॅरेथॉन एकवीसची नसते. ती २१.०९७५ किलोमीटरची असते. वरचे साडेसत्त्याण्णव मीटर त्याच वेगाने धावायला ३३ सेकंद लागतात, म्हणजे घड्याळात २:००:३३. नेमके दोन तास हवे असतील तर वेग १०.५५ च्या जवळपास लागतो. बहुतेक मशीनचं बटण ०.१ च्या टप्प्याने सरकत असल्यामुळे तो लावता येत नाही. म्हणून कागदावरची पहिली निवड १०.५ की १०.६ एवढीच, आणि तिथे १०.६ जिंकतो.

हिशेब करायचे दोन रस्ते आहेत. एक, ६० ला वेगाने भागायचं. ६० ÷ १०.५ = ५.७१. हे ५ मिनिटं ७१ सेकंद नव्हेत. ०.७१ ला पुन्हा ६० ने गुणलं की ४३ येतात, आणि पेस होतो ५:४३. घाईत ही दुसरी पायरी हमखास गळते. दुसरा रस्ता, ३६०० ला वेगाने भागायचं, म्हणजे थेट सेकंद मिळतात. ३६०० ÷ १०.६ = ३४० सेकंद, म्हणजे ५:४०. माझं मत दुसऱ्याला, कारण त्यात मिनिटांचा दशांश मधे येतच नाही.

| वेग (किमी/तास) | पेस (प्रति किमी) | १० किमी | हाफ |
|---|---|---|---|
| ९.० | ६:४० | १:०६:४० | २:२०:३९ |
| ९.५ | ६:१९ | १:०३:०९ | २:१३:१५ |
| १०.० | ६:०० | १:००:०० | २:०६:३५ |
| १०.५ | ५:४३ | ५७:०९ | २:००:३३ |
| १०.६ | ५:४० | ५६:३६ | १:५९:२५ |
| ११.० | ५:२७ | ५४:३३ | १:५५:०५ |
| १२.० | ५:०० | ५०:०० | १:४५:२९ |

तक्ता वापरताना एक लक्षात ठेवा, बटणाच्या प्रत्येक दाबाची किंमत सारखी नसते. ८ वरून ८.१ केलं तर किलोमीटरमागे साडेपाच सेकंद वाचतात, १० च्या आसपास साडेतीन, आणि १२ च्या पुढे जेमतेम अडीच. त्यामुळे "मागच्या महिन्यात अर्ध्याने वाढवलं, या महिन्यातही अर्ध्याने" हा हिशेब वेगात सारखा दिसला तरी वेळेत सारखा नसतो.

आता अंदाजाकडे. तक्त्यातला शेवटचा रकाना एक गोष्ट गृहीत धरतो, की पहिल्या किलोमीटरचा वेग एकविसाव्यापर्यंत टिकेल. दुसरी पद्धत पीटर रीगेल या अमेरिकन इंजिनिअरची. त्याने १९७७ मध्ये मांडलेल्या सूत्रात अंतर वाढलं की वेग किती उतरतो हे धरलेलं आहे.

```
T2 = T1 × (D2 ÷ D1)^1.06
```

T म्हणजे वेळ, D म्हणजे अंतर; 1 आधी धावलेल्या अंतराचे, 2 ज्याचा अंदाज हवा त्याचे. १० किलोमीटरवरून हाफचा अंदाज काढताना हे सोपं होतं. १० ची वेळ सेकंदांत घ्यायची आणि २.२०६ ने गुणायची. समजा तुम्ही १०.६ ला दहा किलोमीटर काढले, ५६:३६ मध्ये, आणि शेवटी अंगात काही उरलं नव्हतं. तक्ता म्हणतो हाफ १:५९:२५. रीगेल म्हणतो २:०४:५३. पाच मिनिटांहून जास्त फरक! एकाच पळण्यातून निघालेले हे दोन आकडे, आणि कोणता खरा हे "शेवटी काही उरलं नव्हतं" या एका गोष्टीवर ठरतं. पूर्ण ताकदीने काढलेल्या दहासाठी रीगेल धरा. तेच दहा गप्पा मारत, आरामात झाले असतील तर रीगेल लावण्यात अर्थ नाही. ते सूत्र झोकून दिलेल्या धावेसाठी आहे, रोजच्या सरावासाठी नाही.

उलट दिशेने पाहिलं तर दोन तासांच्या हाफसाठी सूत्र दहा किलोमीटर ५४:२३ मध्ये मागतं. ११.० ला ५४:३३ होतात, थोडक्यात हुकतं. म्हणजे ११.१ लावून दहा पूर्ण झाले पाहिजेत. थोडक्यात, लक्ष्याच्या पेसची सवय लावायला १०.६, आणि लक्ष्य झेपणारं आहे का हे तपासायला ११.१. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

रस्त्यावर आणखी एक घोळ असतो. वळणं बाहेरून घेतली, पाण्याच्या टेबलाकडे तिरके गेलात, गर्दीतून वाट काढली, की पायाखालचं अंतर २१.३ पर्यंत सहज जातं. तेवढ्या अंतराला १०.६ ने २:००:३४ लागतात. म्हणून मी सरावात १०.७ सुचवेन, पेस ५:३६. अर्थात हे सपाट मार्गासाठी. सातारा हिल मॅरेथॉनसारखी यवतेश्वरचा घाट चढून उतरायची शर्यत असेल तर सपाट पट्ट्यावरून काढलेली वेळ तिथे लावूच नका.

इन्क्लाइन १ टक्का ठेवायचा की शून्य? १९९६ मध्ये जोन्स आणि डाउस्ट या संशोधकांनी दाखवलं की बाहेर धावताना हवा कापायला लागणाऱ्या ताकदीची भरपाई १ टक्का चढाने सर्वांत नीट होते. त्यांचे वेग ताशी साडेदहा ते अठरा किलोमीटरचे होते. आपला १०.६ त्या वेगांच्या अगदी खालच्या टोकाला येतो. तेव्हा १ ठेवलात तर उत्तम, आणि ८-९ ने धावत असाल तर शून्यावरही फारसं बिघडत नाही.

पण हे सगळं मशीन खरं बोलतंय असं धरून. ते तपासायला पट्ट्यावर रंगीत टेपचा तुकडा चिकटवा आणि मशीन बंद ठेवून, पट्टा हाताने सरकवत त्याची पूर्ण लांबी मोजा. समजा २.९० मीटर आली. मग १० वर लावून कोणाला तरी त्यावर धावायला लावा (रिकाम्या पट्ट्यावर मोजू नका, वजन पडलं की काही मोटरी मंदावतात) आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करून टेप ५० वेळा जायला किती वेळ लागतो ते बघा. ५० फेऱ्या म्हणजे १४५ मीटर. १० च्या वेगाने त्याला ५२.२ सेकंद लागायला हवेत. ५४.५ लागले तर खरा वेग ९.५८, आणि पडद्यावरचा ६:०० चा पेस प्रत्यक्षात ६:१६ आहे. अशा मशीनवर १०.६ धावून दोन तासांच्या बसमागे, म्हणजे ठरल्या वेळेत नेणाऱ्या पेसरच्या गटामागे, उभे राहिलात तर ती बस लवकरच पुढे निघून जाईल. त्यावर खरा १०.६ हवा असेल तर साधारण ११.१ लावावं लागेल, आणि ११.१ ची परीक्षा ११.६ वर द्यावी लागेल. हे प्रमाण दर वेगाला सारखंच राहील असं नाही, म्हणून ज्या वेगाने धावणार त्याच वेगावर पुन्हा एकदा टेप मोजून घ्या.