कोंडा की इसबगोल? आतड्याला फुगे निघाल्यावर मी काय ठेवलं

सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘डायव्हर्टिक्युला’ म्हणजे आतड्याला आलेले फुगे, हा शब्द वाचून घरी आलात, डॉक्टर ‘फायबर वाढवा’ एवढं म्हणून पुढच्या पेशंटकडे वळले, की घरात दोन पक्ष पडतात. आमच्याकडे पडले होते. बायकोचं म्हणणं, गव्हाचं पीठ चाळून निघणारा कोंडा फुकटचा आहे, तोच खा. मेव्हणा म्हणाला, इसबगोल घ्या. मी दोन्ही करून पाहिलं. तुमचं पोट वेगळं असेल, पण निवडायला बसला असाल तर माझं ऐकून ठेवा.

वय ५१, लातूर जिल्ह्यात बी-बियाणं आणि खताचं दुकान. पेरणीच्या हंगामात सकाळी नऊला गल्ल्यावर बसलो की रात्रीच उठायचं. पाणी कमी पिण्याची सवय तर आमच्याकडे पाचवीला पुजलेली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते गाव आमचंच. संडासला दोन-तीन दिवसांआड, तेही शेळीच्या लेंड्यांसारखं. त्यातच एका गुरुवारी ओटीपोटात डावीकडे दुखायला लागलं, शुक्रवारी ताप चढला. तपासणीत डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्याला फुगे आलेले आणि त्यातल्या एकाला सूज.

डॉक्टरांनी नंतर निवांत समजावलं ते असं. मळ मऊ आणि भरपूर असला की आतडं रुंद राहतं आणि तो सहज पुढे सरकतो. मळ थोडा आणि टणक असला की आतड्याला जागोजागी आवळून तो ढकलावा लागतो, आणि दोन आवळींच्या मधल्या कप्प्यात दाब वाढतो. आतड्याच्या स्नायूतून जिथे रक्तवाहिनी आत शिरते ती जागा मुळातच कच्ची. सायकलच्या टायरला चीर पडली की ट्यूब तिथूनच फुगा काढते, तसा आतला थर तिथून बाहेर येतो. हे कोड्याचं सोपं उत्तर वाटतं, पण पूर्ण नाही. १९७१ मध्ये पेंटर आणि बर्किट या दोघा ब्रिटिश डॉक्टरांनी कमी चोथ्याच्या, म्हणजे कमी फायबरच्या, खाण्यावर बोट ठेवलं, तर २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात दुर्बिणीने तपासलेल्या दोन हजारांवर माणसांत बद्धकोष्ठ असणाऱ्यांना फुगे जास्त निघाले नाहीत. म्हणजे वय आणि आनुवंशिकता यांचाही हात आहे. आलेले फुगे तर कशानेच जात नाहीत. चोथा वाढवायचा तो मळ मऊ राहावा, कुंथावं लागू नये आणि पुन्हा सूज येण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून.

सूज असताना मात्र चोथा नाही. ते आठ-दहा दिवस मी पेज, ताक आणि मऊ वरण-भात यांवर काढले. मग सहा-सात आठवड्यांनी दुर्बीण घालून आतडं पाहिलं, कारण स्कॅनमधली सूज आणि गाठ कधीकधी सारखीच दिसतात. गाठ नव्हती. तिथून कोंड्याला सुरुवात केली.

पहिला आठवडा कोंड्याने खूश केलं. रोज दोन चमचे ताकात, आणि चौथ्या दिवसापासून सकाळी पोट साफ. पैसे शून्य, चव भुशाची पण सहन होणारी. मी बायकोला मानलं आणि हावरटपणाने चार चमचे केले.

तिसऱ्या आठवड्यात पोट फुगायला लागलं. कोंड्याचा काही भाग आतड्यातले जंतू आंबवतात, त्याचा वायू होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. माझी पंचाईत वेगळी झाली. तो वायू जाऊन अडायचा नेमका डाव्या ओटीपोटात, म्हणजे जिथे आधी सूज आली होती तिथेच. रात्री दोनला जाग यायची आणि कळायचं नाही, हा वायू की पुन्हा तेच? दिवा लावून काखेत थर्मामीटर धरून बसायचो. दोनदा तर सकाळी उठून रक्त तपासून आलो. दोन्ही वेळा पांढऱ्या पेशी ठीक, डॉक्टर हसले, पैसे गेले. त्यांनी खूण सांगितली: वायूची कळ जागा बदलते, वारा सरला किंवा संडासला झालं की उतरते. सुजेचं दुखणं एका जागी खिळून राहतं, दिवसागणिक वाढतं, चालताना किंवा मोटारसायकल खड्ड्यात आदळली की तिथेच लागतं, आणि बरोबर ताप येतो. खूण बरोबर आहे हो, पण रात्री दोनला ती आठवत नाही. ज्या औषधाचा त्रास आजारासारखाच दिसतो, ते माझ्यासारख्या भित्र्या माणसाच्या कामाचं नाही.

कोंड्याच्या बाजूने एवढं म्हणेन की मी घाई केली. अर्ध्या चमच्यापासून दर आठवड्याला थोडा वाढवला असता तर कदाचित निभावला असता.

इसबगोलनेही पहिल्यांदा फजिती केली, पण तो दोष माझा. रात्री अर्धा पेला पाण्यात दोन चमचे कालवले, फोन आला, परत येईपर्यंत पेल्यात खळ तयार. ती चमच्याने खाल्ली आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी पोट आणखी घट्ट. इसबगोल पाणी धरून फुगतं. पाणी दिलं नाही तर तेच अडकून बसतं. कोरडं तोंडात टाकलं तर घशातसुद्धा अडकू शकतं. आता एक चमचा मोठ्या पेलाभर पाण्यात, ढवळून लगेच, आणि त्यावर आणखी एक पेला. झोपताना नाही, रात्रीच्या जेवणाआधी. बीपीची गोळी त्याच्यापासून दोन तास लांब. परिणामाला दोन-तीन दिवस लागतात. सोनामुखीच्या चूर्णासारखी रात्री घेऊन सकाळी धाव नाही, आणि मुरडाही नाही. याला जंतू फारसे आंबवत नाहीत, म्हणून वायू कमी. थर्मामीटर कपाटात गेला तो गेलाच.

खर्च महिन्याला थोडा होतो, आणि प्रवासात दोन पेले पाणी पिऊन एसटीत बसणं हे काही सुख नाही. लग्नसराईत मी सरळ चुकवतो.

पण सगळं काम त्या एका चमच्याने केलं असंही नाही. माझ्या ताटातून भाकरी कधी गेली ते मलाच कळलं नव्हतं: सकाळी पोहे, दुपारी डब्यात चाळलेल्या पिठाच्या पोळ्या, रात्री भात. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात दहा ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, तांदळात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नाही. आता रात्री दोन भाकरी, अंबाडी किंवा करडईची भाजी, घट्ट वरण. शेंगदाण्याची चटणीही परत आली. दाणे आणि बिया फुग्यात अडकतात म्हणून पूर्वी बंद करायला सांगत. २००८ मध्ये अमेरिकेतल्या पुरुषांच्या मोठ्या पाहणीत तसं काही आढळलं नाही, आणि माझ्या डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही.

कोंडा अजून घरी निघतोच. तो म्हशीच्या आंबोणात जातो, आणि तिची काही तक्रार नाही.

तुम्ही कोंडा घ्या नाहीतर इसबगोल, डावीकडे दुखणं खिळून राहून ताप आला, उलट्या झाल्या, वारा सरणं बंद झालं किंवा संडासवाटे रक्त दिसलं, तर दोन्ही डबे बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखतंय म्हणून घरातली डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेऊ नका. अशा गोळ्यांनी फुगा फुटण्याचा किंवा त्यातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. तोवर पॅरासिटामॉल चालते.