रिचार्ज झाले, तरी वाहिन्या बंदच : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी नोकरीनिमित्त साताऱ्यात राहतो आणि आई व आप्पा पाटण तालुक्यातील आमच्या गावी राहतात. गावच्या घरावर गेल्या वर्षी डिशची छत्री बसवली. तिचे रिचार्ज दर महिन्याला मीच साताऱ्यातून मोबाइलवर करतो. या दहा महिन्यांत चित्राच्या दर्जाबद्दल तक्रार करावी असे काही घडले नाही. मात्र पैसे भरल्यानंतरही वाहिन्या न उघडण्याचा प्रकार तीन वेळा घडला आणि तिन्ही वेळा कारण वेगळे निघाले. ते कारण शोधताना या यंत्रणेचे काम कसे चालते हे मला नीट समजले. ते आधी माहीत असते, तर आई-आप्पांचे चार-पाच दिवस दूरदर्शन संचासमोर नुसते बसून गेले नसते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रसंग ऑगस्टमधला. आमच्या पॅकची मुदत ११ तारखेला संपत होती. १० तारखेच्या रात्री पावसात गावची वीज गेली आणि ती १३ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास आली. वीज नसल्याचे मला ठाऊक होते, पण मुदत चुकू नये म्हणून मी ११ तारखेला रात्री पावणेनऊ वाजता २८४ रुपये भरले. बँकेतून पैसे गेले, कंपनीचा 'रिचार्ज यशस्वी' असा संदेशही मिनिटभरात आला, आणि माझ्या दृष्टीने विषय संपला. १३ तारखेला संध्याकाळी आईचा फोन आला, "आरं, पैसं भरलंस न्हवं? मग पडद्यावर पैसं भरा म्हणून कसं दाखवतंय?"

मी लगेच कंपनीच्या ॲपमध्ये पाहिले. खात्यात रक्कम जमा होती, पॅक चालू होते, पुढील मुदतीची तारीखही दिसत होती. मग मी तेथील 'रिफ्रेश' हा पर्याय दाबला आणि आईला सांगितले की दहा मिनिटांत सुरू होईल. पाऊण तासाने पुन्हा फोन केला, तरी स्थिती तीच. दरम्यान आप्पांनी बाजारपेठेतील एका दुरुस्ती करणाऱ्याला विचारले होते आणि त्याने कार्ड खराब झाले आहे, साडेतीनशे रुपयांत बदलून देतो, असे सांगितले होते.

अखेर मी ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला. तेथील ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला की बॉक्स आत्ता चालू आहे का. मी आईला दुसऱ्या फोनवरून विचारले, तेव्हा कळले की काही दिसत नाही म्हणून तिने भिंतीवरचे बटणच बंद करून ठेवले होते. म्हणजे मी साताऱ्यात रिफ्रेश दाबत होतो तेव्हा गावी बॉक्सला वीजच नव्हती. ताईंनी बॉक्स सुरू करून कंपनीच्या मुख्य वाहिनीवर ठेवायला, रिमोटला हात न लावायला आणि अर्धा तास वाट पाहायला सांगितले. सात वाजून पन्नास मिनिटांनी त्यांनी पुन्हा सिग्नल पाठवला आणि आठ वाजून दोन मिनिटांनी आईची मालिका सुरू झाली. कार्ड बदलण्याची गरज अजिबात नव्हती.

आता हे असे का होते ते सांगतो, कारण सारे मर्म त्यातच आहे. उपग्रहावरून येणाऱ्या सशुल्क वाहिन्या कुलूपबंद स्वरूपात येतात. त्या उघडण्याची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते आणि ती वाहिनीसोबतच, पण सांकेतिक रूपात, बॉक्सपर्यंत पोहोचते. ती किल्ली वापरावी की नाही हे बॉक्समधील कार्ड ठरवते (काही बॉक्समध्ये वेगळे कार्ड नसते, तेच काम आतील चिप करते). कार्डात कोणत्या पॅकचा हक्क कोणत्या तारखेपर्यंत आहे याची नोंद असते. ती तारीख उलटली की पैसे भरले असोत वा नसोत, कार्ड वाहिनी उघडत नाही. आपण रिचार्ज करतो तेव्हा रक्कम आधी कंपनीच्या हिशेबाच्या यंत्रणेत जमा होते, मग आपल्या कार्डाच्या क्रमांकाच्या नावाने एक आदेश तयार होतो आणि तो उपग्रहामार्फत आकाशातून सोडला जातो. तो आदेश आपल्या बॉक्सने पकडला आणि कार्डाने मुदतीची नोंद पुढे सरकवली, तरच वाहिन्या उघडतात.

छत्री फक्त ऐकते, उलट बोलत नाही. आदेश मिळाला की नाही हे बॉक्स कंपनीला कळवू शकत नाही. म्हणून कंपनीच्या संगणकावर खाते चालू दिसते आणि आपल्या पडद्यावर कुलूप दिसते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. सेवा केंद्रातील माणूस 'आमच्याकडे तर सर्व चालू आहे' असे म्हणतो, तेव्हा तो टाळाटाळ करत असतोच असे नाही, त्याला खरोखर तेवढेच दिसते.

कंपनी हा आदेश एकदाच पाठवून थांबत नाही. तो पुन्हा पुन्हा पाठवला जातो, परंतु लाखो कार्डांचे आदेश त्याच वाटेने जायचे असल्यामुळे नवा आदेश सुरुवातीला वारंवार आणि नंतर विरळ होत जातो. आमचा आदेश ११ तारखेच्या रात्री सर्वांत अधिक वेळा आला असणार आणि तेव्हा घरात अंधार होता. १३ तारखेला बॉक्स सुरू झाला, तेव्हा पुढच्या फेरीची वाट पाहण्यापुरता वेळही आईने तो चालू ठेवला नाही. रिफ्रेश, किंवा सेवा केंद्रातील लोक ज्याला 'हेवी रिफ्रेश' म्हणतात ते, म्हणजे हाच आदेश पुन्हा अग्रक्रमाने पाठवण्याची विनंती. त्याने बॉक्स दुरुस्त होत नाही, सिग्नल वाढत नाही आणि पैशांचा हिशेबही बदलत नाही. म्हणून रिफ्रेश दाबण्यापूर्वी घरी फोन करून बॉक्स चालू करवून घेणे, पडद्यावर कंपनीची मुख्य वाहिनी आल्याची खात्री करणे आणि मगच दाबणे हा क्रम मी आता कधीही मोडत नाही. बाहेरगावाहून रिचार्ज करणाऱ्या माझ्यासारख्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण आपल्या हाती फक्त आदेश सोडणे असते, तो पकडणारे घर दूर असते.

दुसरा प्रसंग दिवाळीतला. पाहुणे येणार म्हणून माडीवरील दुसरा संच दोन महिन्यांनी सुरू केला, तर त्यावर सर्व वाहिन्या बंद, आणि खालचा संच मात्र व्यवस्थित सुरू. दोन्ही जोडण्या एकाच खात्यावर असल्या तरी दोन बॉक्सना दोन स्वतंत्र कार्डे असतात आणि प्रत्येक कार्डासाठी वेगळा आदेश निघतो. मधल्या दोन रिचार्जचे आदेश माडीवरच्या बॉक्सने ऐकलेच नव्हते, त्यामुळे त्याच्या लेखी मुदत केव्हाच संपलेली होती. येथे मी आणखी एक चूक केली. ॲपमध्ये रिफ्रेश करताना मी सवयीने पहिल्याच कार्डाचा क्रमांक निवडला, आणि तो बॉक्स तर आधीपासूनच चालू होता. माडीवरच्या बॉक्सच्या मेनूमध्ये कार्डाचा क्रमांक पाहून तोच निवडल्यावर वीस मिनिटांत काम झाले.

तिसरा प्रसंग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. जानेवारीत मी दुसऱ्या जोडणीचे शुल्क विसरून पॅकच्या रकमेपेक्षा ४६ रुपये कमी भरले. पैसे जमा झाल्याचा संदेश आला, कारण ते खरोखर जमा झाले होते. परंतु मुदत आधीच संपलेली असल्यामुळे पूर्ण रक्कम होईपर्यंत कंपनीने आदेशच काढला नाही. मी तीनदा रिफ्रेश केले आणि तिन्ही वेळा ते निष्फळ ठरले, कारण पाठवायला आदेशच नव्हता. तेव्हापासून मी बँकेचा किंवा यूपीआयचा संदेश प्रमाण मानत नाही. कंपनीच्या खात्यात पॅक 'चालू' दिसते का आणि मुदतीची नवी तारीख आली आहे का, हे दोनच मुद्दे पाहतो. बँकेतून रक्कम गेली आणि कंपनीच्या खात्यात ती दिसतच नसेल, तर तो प्रश्न पैसे पोहोचण्याचा आहे, तेथे व्यवहार क्रमांक घेऊन पैसे भरलेल्या ॲपकडे जावे लागते.

पडद्यावरचा मजकूर नीट वाचला, तर निम्मा शोध तेथेच लागतो. पैसे भरा किंवा ही वाहिनी आपल्या पॅकमध्ये नाही अशा अर्थाचा संदेश असेल, तर छत्रीपासून बॉक्सपर्यंत सिग्नल पोहोचतो आहे आणि प्रश्न हक्काच्या नोंदीचा आहे. सिग्नल नाही असा संदेश असेल, तर आदेशसुद्धा त्याच वाटेने यायचा असल्याने रिफ्रेशचा उपयोग शून्य. आमच्याकडे कोयनेच्या बाजूने दाट पाऊस लागला की सिग्नल जातोच, कारण छत्रीच्या लहरी पावसाच्या थेंबांत क्षीण होतात. अशा वेळी पाऊस ओसरू द्यावा, मेनूमध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता पाहावी आणि त्यानंतरच रिफ्रेश करावे. कार्ड वाचता येत नाही असा संदेश असेल, तर बॉक्सची वीज बंद करून कार्ड काढावे, कोरड्या मऊ कापडाने त्याची सोनेरी चकती पुसावी आणि परत बसवावे. ऑगस्टमध्ये आमच्या पडद्यावर हा संदेश कधीच नव्हता, म्हणूनच कार्ड बदलण्याचा सल्ला चुकीचा होता असे मी ठामपणे म्हणतो.

सेवा केंद्राबद्दल माझे मत चांगले आहे, मात्र कंपनीच्या संदेशाबद्दल नाही. 'रिचार्ज यशस्वी' एवढेच लिहिण्याऐवजी 'आपला बॉक्स आता अर्धा तास सुरू ठेवा' हे एक वाक्य त्यांनी जोडले असते, तर पहिले दोन्ही प्रसंग टळले असते. मी स्वतः आता मुदतीच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी साडेसातनंतर पैसे भरतो. त्या वेळी आई मालिका पाहत असते, बॉक्स चालूच असतो, जुना हक्क संपलेला नसल्याने पडदा बंद होत नाही आणि नवा आदेश तिच्या नकळत कार्डात उतरतो. माडीवरचा बॉक्सही आप्पा त्याच संध्याकाळी तासभर सुरू ठेवतात. फेब्रुवारीपासून आजपर्यंत एकदाही रिफ्रेश करावे लागलेले नाही.