गुणाकार जुळला नाही : ड्रायव्हरच्या पंप-फोटोंनी माझे १७,००० रुपये खाल्ले

ड्रायव्हरने पाठवलेला पंपाच्या मीटरचा फोटो बघून पैसे सोडणारे माझ्यासारखे टेम्पोमालक गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी पिकअप नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेते. डिझेलचे पैसे ड्रायव्हर पंपावर स्वतः भरायचा, मला मीटरचा फोटो पाठवायचा आणि मी त्याच्या खात्यावर तेवढी रक्कम टाकायचो. फोटोत रक्कम, लिटर आणि दर असं सगळं दिसतं. मग शंका घ्यायची कशावर?

मला अजून झोंबतो तो एक फोटो. रक्कम ३०००.००, लिटर ३२.०८, दर ९०.५७. पहाटे मार्केटच्या गडबडीत मी मनातल्या मनात ३२ नव्वदे २८८० केलं, वरचे पैसे धरून तीन हजारांच्या आसपास जातंय म्हटलं आणि पैसे पाठवले. तिथेच मोबाईलवर पूर्ण आकडे टाकले असते तर दिसलं असतं. ३२.०८ गुणिले ९०.५७ म्हणजे २९०५.४९. चौऱ्याण्णव रुपये एक्कावन्न पैसे कमी! पंपाचं मशीन अशी चूक करत नाही. लिटर दोनच दशांशांपर्यंत दिसतात, त्यामुळे गुणाकार आणि रक्कम यांत काही पैशांचा फरक पडतो. या दरात तो एक रुपयाच्या आतच राहतो. त्याहून जास्त फरक आला की फोटोत हात घातलाय असं समजा आणि पैसे थांबवा.

खरा आकडा पंपाच्या कॉम्प्युटरवर सापडला. त्या वेळी त्या नोझलवर २००० रुपयांचं २२.०८ लिटर डिझेल गेलं होतं. २२.०८ गुणिले ९०.५७ म्हणजे १९९९.७९, फक्त २१ पैशांचा फरक. म्हणजे याने दोन्ही ओळींतला पहिला २ खोडून ३ केला होता. मीटरवरचे आकडे सरळ काड्यांचे असतात. खालची डावी काडी उजवीकडे नेली की २ चा ३ होतो. मोबाईलवरही हे जमतं आणि डोळ्यांना काही खटकत नाही. लिटर तसेच ठेवले असते तर मलाही लगेच कळलं असतं, म्हणून त्याने तेही वाढवले. पण हजार रुपयांत दहा नाही, अकरा लिटर येतात. खरे तीन हजार असते तर लिटर ३३.१२ दिसायला हवे होते.

गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलंय हे मला दिसत होतं, मी डोळे मिटून बसलो नव्हतो. विचारलं तर म्हणायचा, माळशेजचा घाट आहे, लोड जास्त आहे. मी इंजेक्टर साफ करून घेतले, त्याचे ४,२०० रुपये वेगळे गेले. जुने फोटो काढून गुणाकार केले आणि जिथे जुळलं नाही तिथे पंपावर विचारलं, तेव्हा एकूण १७,००० चा घोळ निघाला.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, "तुमचाच ड्रायव्हर, पैसे तुम्हीच पाठवले, आपसात मिटवा." वैधमापनवाल्यांनी सांगितलं की पंपाचं माप बरोबर आहे, फोटोशी आमचा संबंध नाही. त्यांचं एक वेळ समजू शकतो. पण पोलिसांचं? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, खोटा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज बनवायला ३३६ आहे, नोकराने मालकाचा विश्वासघात केला तर ३१६ आहे. मी हे कागदावर लिहून नेलं, तर साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. उद्या गेलो तर रक्कम लहान आहे. डिझेल, टोल, हप्ता भागवून उरतं त्यात १७,००० लहान? शेवटी सगळे फोटो आणि पंपाकडून मिळालेल्या नोंदी जोडून पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवली. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर तसा अधिकार कायद्याने दिलाय. अजून उत्तर नाही.

या गुणाकारावरही पूर्ण विसंबू नका. आकडे बदलणारा हुशार असेल आणि ३३.१२ लिहील, तर तो जुळणारच. दुसऱ्या गाडीचा किंवा मागच्या महिन्याचा फोटो पाठवला तरी जुळेल. दर कधी कधी कित्येक महिने हलत नाही, त्यामुळे दर बघून जुना फोटो ओळखू येईलच असं नाही. पंपाने माप मारलं तरी मीटरवरचा हिशेब बरोबरच दिसतो. म्हणून छापील बिल मागाच, त्यावरची वेळ आणि गाडी तिथे असल्याची वेळ ताडून बघा.

मी आता ड्रायव्हरच्या हातात डिझेलचे पैसे देतच नाही. नवीन पोरगा पंपाच्या क्यूआरचा फोटो पाठवतो, समोर पंपाचं नाव आलं तरच मी पैसे सोडतो. तुमच्याकडे जुने फोटो असतील तर आज रात्रीच बसा, मोबाईलवर लिटर गुणिले दर करा, आणि एक रुपयाच्या वर फरक दिसला की ड्रायव्हरला काही न बोलता आधी पंपावर जाऊन त्या वेळची नोंद मागा. मी आधी ड्रायव्हरला विचारलं आणि त्याने त्याच रात्री फोन बंद केला.