सात महिने वापरलेला रेझ्युमे: बजेट, मुदत, टीम आणि सर्टिफिकेट या चार ओळींचा अनुभव

मी सिव्हिलचा माणूस. गोव्यातल्या फोंड्यात राहतो आणि गेली अकरा वर्षं वेर्णा-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत कारखान्यांची बांधकामं करून देतो. त्यातली शेवटची पाच वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून गेली. दिवाळीनंतर नोकरी बदलायचं ठरवलं तेव्हा जुना रेझ्युमे बाजूला ठेवला आणि नवा लिहिला. त्यात प्रत्येक प्रकल्पाखाली बजेट, मुदत आणि टीम अशा तीन ओळी, आणि वर नावाखाली सर्टिफिकेटची एक ओळ. आता मृग लागलाय. या सात महिन्यांत तो तेवीस ठिकाणी पाठवला, नऊ ठिकाणी बोलावणं आलं आणि तीन वेळा मला त्यातली एखादी ओळ बदलावी लागली. कुठली ओळ टिकली आणि कुठली उघडी पडली, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी बजेटबद्दल. जुन्या रेझ्युमेत मी अगदी वर लिहिलं होतं, ‘80 कोटींहून अधिक किमतीचे प्रकल्प हाताळले.’ आकडा खोटा नव्हता. पण त्यात मी साइट इंजिनिअर असतानाची कामंही धरलेली होती आणि तेव्हा माझ्या सहीने दहा हजारांचं बिलसुद्धा पास होत नसे. पहिल्याच मुलाखतीत विचारलं गेलं, “यातले तुमच्या हातात किती होते?” उत्तर द्यायला मला दोन मिनिटं लागली आणि त्यापुढची मुलाखत नावापुरतीच उरली.

म्हणून एकच प्रकल्प घेतला आणि तो नीट मांडला. वेर्ण्यातल्या एका औषध कंपनीच्या पॅकेजिंग विभागाचं वाढीव बांधकाम होतं. मूळ मंजूर रक्कम 14.20 कोटी. काम चालू असताना कंपनीनेच वाढीव कामं दिली, त्यांची लेखी मंजुरी 95 लाखांची. म्हणजे सुधारित मंजूर बजेट 15.15 कोटी. प्रत्यक्ष खर्च झाला 14.98 कोटी. आता हा खर्च मूळ रकमेशी लावला तर साडेपाच टक्के जास्त दिसतो, सुधारित रकमेशी लावला तर एक टक्का कमी. दोन्ही खरं आहे. नुसतं ‘बजेटमध्ये पूर्ण’ असं लिहिलं की समोरच्या जाणत्या माणसाला लगेच शंका येते, की कुठल्या बजेटमध्ये? मी तीनही आकडे एका ओळीत लिहिले आणि शेवटी जोडलं, ‘खरेदी व बिल मंजुरीचा अधिकार 25 लाखांपर्यंत.’ सात महिन्यांत सगळ्यात जास्त चर्चा या शेवटच्या तुकड्यावर झाली. माणसाच्या हातात किती सोपवलं होतं, ते एकूण कोटींपेक्षा त्यावरूनच कळतं.

ग्राहक कंपनीचं नाव मी लिहिलेलं नाही, कारण गोपनीयतेच्या करारावर माझी सही आहे. ‘वेर्णा, औषधनिर्मिती’ एवढ्यावर कुणाचं अडलं नाही. आखाती देशांतल्या नोकऱ्यांसाठी मात्र एक वेगळी प्रत ठेवावी लागली. आपल्याकडे त्या वाटेने जाणारे पुष्कळ, म्हणून सांगतो. तिथे लाख-कोटी कळत नाहीत, तेव्हा 15.15 कोटी हे 151.5 दशलक्ष रुपये असे लिहावे आणि डॉलरमध्ये द्यायचेच असतील तर कुठल्या वर्षाचा दर धरला तेही लिहावं.

आता मुदतीची ओळ. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते हिनेच.

पहिल्या मसुद्यात मी मोठ्या विश्वासाने लिहिलं होतं, ‘शेड्यूल परफॉर्मन्स इंडेक्स 1.00.’ ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो: ठरलेल्या तारखेपर्यंत जेवढ्या किमतीचं काम व्हायला हवं होतं, त्याच्याशी प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या किमतीचं प्रमाण म्हणजे हा निर्देशांक.

```
SPI = EV / PV
```

यात EV म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामाची किंमत आणि PV म्हणजे तोवर व्हायला हव्या असलेल्या कामाची. एकच्या खाली गेला की काम मागे आहे असं समजायचं. माझ्या अंतिम अहवालात 1.00 होता, तोच मी उतरवला. मडगावला एका हॉटेलात मुलाखत होती. समोर नियोजन विभागाचे प्रमुख होते, साठीच्या आसपासचे, शांत गृहस्थ. त्यांनी रेझ्युमेवर पेन्सिलने दोन तारखांखाली रेघ मारली आणि विचारलं, “प्रकल्प दोन महिने उशिरा संपला असं तुम्हीच लिहिलंय. मग हा एक कसा आला?” मी अहवालाचा हवाला दिला. ते म्हणाले, “काम पुरं झालं की तो सगळ्यांचाच एक येतो. दहाव्या महिन्यात किती होता ते सांगा.”

घरी येऊन स्वतःच्या नोंदी काढल्या तेव्हा त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं. दहाव्या महिन्याअखेर नियोजनानुसार 10.5 कोटींचं काम व्हायला हवं होतं, झालं होतं 9 कोटींचं. भागाकार 0.86. पण प्रकल्प संपतो तेव्हा सगळंच काम झालेलं असतं, म्हणून वरचा आकडाही पूर्ण बजेटएवढा आणि खालचाही पूर्ण बजेटएवढा होतो. उशीर दोन महिन्यांचा असो की दोन वर्षांचा, शेवटी उत्तर एकच येतं. चालू कामावर नजर ठेवायला हा निर्देशांक उपयोगी आहे. संपलेल्या कामाची मुदत पाळली की नाही, हे त्यावरून कधीच कळत नाही. अहवाल मी वर्षानुवर्षं भरत होतो आणि ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर ती ओळ अशी झाली: नियोजित 14 महिने, मंजूर मुदतवाढ 1 महिना, प्रत्यक्ष 16 महिने. खाली एका वाक्यात कारण. काम 1 सप्टेंबरला सुरू झालं होतं, म्हणजे पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर संपायला हवं होतं. मे महिन्यात ग्राहकाने वातानुकूलन यंत्रांच्या जागा बदलल्या. त्यामुळे स्लॅबमधली भोकं कुठे ठेवायची ते ठरेना, गच्चीचं वॉटरप्रूफिंग लांबलं आणि जूनचा पाऊस आला. या उशिराबद्दलचं लेखी पत्र आम्ही वेळेत दिलं होतं, म्हणून एक महिना मंजूर झाला. दुसरा महिना माझा. क्लीनरूमच्या पॅनेलची ऑर्डर मी अंतिम ड्रॉइंगची वाट बघत तीन आठवडे अडवून ठेवली आणि माल आल्यावर बसवणाऱ्यांची तारीख मिळायला आणखी आठवडा गेला.

हे कारण मी आधी ‘पावसाळ्यामुळे विलंब’ असं लिहिलं होतं. आमच्या कंपनीतून निवृत्त झालेले एक वरिष्ठ आहेत, सगळे त्यांना भाई म्हणतात. त्यांना वाचायला दिलं तर म्हणाले, “अरे, गोव्यात पाऊस जूनला येतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक. तो तुझ्या वेळापत्रकात नव्हता असं तूच लिहून देतोयस.” अगदी बरोबर. नेहमीचा पावसाळा हा आधीच माहीत असलेला धोका, त्यावर सहसा मुदतवाढही मिळत नाही. अपवादात्मक हवामान असेल तरच करारात त्याला जागा असते. खरं कारण लिहिल्यावर एकाही मुलाखतीत त्या एका महिन्यावरून मला कमी लेखलं गेलं नाही. उलट दोन ठिकाणी विचारलं, आता असं झालं तर काय कराल? त्यावर मी सांगतो, की ड्रॉइंग बाकी असेल तरी पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यातली उत्पादनाची जागा आगाऊ राखून ठेवायची आणि मापं नंतर द्यायची.

टीमबद्दल थोडक्यात. आधी ‘150 जणांचं नेतृत्व’ असं लिहिलं होतं. एका बाईंनी विचारलं, “यातल्या किती जणांचं वार्षिक मूल्यमापन तुम्ही लिहीत होता?” उत्तर होतं सहा: दोन साइट इंजिनिअर, एक प्लॅनिंग इंजिनिअर, एक बिलिंग इंजिनिअर, एक सेफ्टी ऑफिसर आणि वीज-वातानुकूलनाचा एक समन्वयक. बाकीचे कंत्राटदारांचे कामगार, तेही सर्वाधिक असतानाचा आकडा 140. आता दोन्ही वेगळे लिहिले आहेत. सहा हा आकडा लहान दिसेल ही भीती होती. तसं काही झालं नाही.

सर्टिफिकेटच्या ओळीत मी पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, हे नाव, क्रमांक आणि वैधतेची तारीख अशा तीन गोष्टी दिल्या आहेत. तारीख देणं फार महत्त्वाचं, कारण पीएमपी तीन वर्षांचं असतं आणि तेवढ्या काळात 60 पीडीयू, म्हणजे व्यावसायिक विकासाचे गुण, नोंदवून नूतनीकरण करावं लागतं. ते राहिलं तर एक वर्ष निलंबित स्थिती असते, त्या वर्षात ही पदवी नावापुढे लावता येत नाही, आणि तेही वर्ष गेलं की पुन्हा परीक्षा. माझ्या ओळखीच्या दोघांच्या रेझ्युमेवर आजही संपलेलं पीएमपी आहे आणि त्यांना ते माहीत नाही. शिवाय 35 तासांचा पूर्वतयारीचा वर्ग केला म्हणजे पीएमपी झालं असं नाही. तो परीक्षेला बसण्याच्या अटींपैकी एक आहे. वर्गाचं प्रमाणपत्र त्याच ओळीत घातलं की वाचणाऱ्याची फसवणूक होते, भले आपला हेतू तसा नसो.

माझ्या बाबतीत अडचण वेगळीच निघाली. एका कंपनीने पीएमपी देणाऱ्या पीएमआय संस्थेच्या ऑनलाइन नोंदवहीत माझं नाव शोधलं आणि सापडलं नाही. कारण नोंदणी पासपोर्टप्रमाणे, वडिलांच्या नावासकट, आणि रेझ्युमेवर फक्त नाव-आडनाव. खुलाशात आठवडा गेला. आता दोन्हीकडे अक्षर न अक्षर सारखं आहे. तसंच, आधी मी पीएमपीचं रंगीत चिन्ह चित्र म्हणून लावलं होतं आणि मजकूर दोन स्तंभांत होता. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला तेव्हा पीएमपी हा शब्द कुठेच नव्हता आणि बजेटचा आकडा टीमच्या ओळीत जाऊन बसला होता. अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला काय दिसत असेल याचा तिथे अंदाज आला. एक स्तंभ आणि साधा मजकूर केल्यानंतरच बोलावणी नियमित येऊ लागली.

या रेझ्युमेची एक मर्यादा मला अजून सोडवता आलेली नाही. पाच वर्षांतल्या चार प्रकल्पांपैकी दोनांचेच आकडे मी असे देऊ शकलो. बाकी दोघांची मूळ वेळापत्रकं कंपनीच्या लॅपटॉपवर होती आणि लॅपटॉप परत केला. आठवणीतून आकडे लिहायचे नाहीत हे ठरवलेलं, म्हणून तिथे फक्त कामाचं वर्णन आहे आणि ते इतरांपुढे फिकं दिसतं. कंपनीची कागदपत्रं घरी न्यायची नसतात, पण मंजूर रक्कम, मंजूर मुदत, प्रत्येक मुदतवाढीची तारीख आणि आपल्याला अहवाल देणाऱ्यांची संख्या एवढं स्वतःपुरतं टिपून ठेवायला हवं होतं.

एप्रिलमध्ये पेडण्याच्या बाजूला एका हॉटेल प्रकल्पावर रुजू झालो. मुलाखत त्याच मडगावच्या गृहस्थांनी घेतली होती, सुधारलेली ओळ घेऊन मी त्यांच्याकडे पुन्हा गेलो होतो. बेसलाइनवर, म्हणजे मंजूर मूळ वेळापत्रकावर, सह्या झाल्या त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन वहीत लिहिलं: 22 महिने, दोन पावसाळे धरून.